बजेट डबल केलं आणि सीपीए फाटला, आता काय?

*ताई, मेटावर आमचं एक कॅम्पेन मस्त चाललं होतं. रोज १०,००० खर्च, ५० ऑर्डर, म्हणजे सीपीए, एका ऑर्डरमागचा जाहिरातखर्च, २००, सलग तीन आठवडे (आकडे बदलून देतोय पण प्रमाण तेच आहे). एका ऑर्डरमागे जाहिरात सोडून बाकी सगळा खर्च वजा जाता हातात ३०० उरतात. साहेब म्हणाले चाललंय तर डबल कर, मी सोमवारी थेट २०,००० केलं. गुरुवारी रात्री बघतो तर चार दिवसांत ८०,००० गेलेले, ऑर्डर २४८, सीपीए ३२३. घाबरून परत १०,००० वर आणलं, तर आता १०,००० लासुद्धा २३५ पडतोय. आणि गंमत म्हणजे आठवड्याने तेच चार दिवस उघडून बघितले तर ऑर्डर ३२० दिसतायत! कशावर विश्वास ठेवायचा? साहेबांना पुढच्या महिन्यात ऑर्डर डबलच हव्यात. मित्र म्हणतो बजेटला हातच लावू नको, कॅम्पेनची कॉपी मार. काय करू?*
*– गोंधळलेला*

अरे गोंधळलेल्या, आधी एक काम कर, आजपासून सात दिवस त्या कॅम्पेनला हात लावू नकोस. बजेट नाही, ऑडियन्स नाही, जाहिरात बंद-चालू नाही, काही म्हणजे काही नाही. चारच दिवसांत तू त्याला दोन मोठे झटके दिलेत, एक वर नि एक खाली, आणि आता तुला जो २३५ दिसतोय तो त्या झटक्यांचा हिशोब आहे, कॅम्पेनचा नाही. तोवर हे वाच.

तुझी ती २४८ ची ३२० झालेली गंमत आहे ना, तिथूनच सुरू करते, कारण अर्धं उत्तर त्यातच आहे. ऑर्डर आज पडली तरी मेटा ती आजच्या नावावर टाकत नाही, ज्या दिवशी त्या माणसाला जाहिरात दिसली होती त्या दिवसाच्या खात्यात टाकतो. आणि तू सेटिंग बदललं नसशील तर क्लिकनंतर सात दिवसांपर्यंतच्या ऑर्डर तो जाहिरातीच्या नावावर धरतो. आता माणूस काय करतो, सोमवारी क्लिक करतो, बघतो, घरी विचारतो, विसरतो, बुधवारी आठवतं मग घेतो. खर्च सोमवारीच पडला, ऑर्डर मात्र बुधवारी आली आणि मागे जाऊन सोमवारात बसली. म्हणजे कुठलाही ताजा दिवस बघितलास की त्याचा खर्च पूर्ण आणि ऑर्डर अर्ध्याकच्च्या असतात. रोजचं बजेट सारखं असताना हे लक्षात येत नाही कारण तू तीन आठवड्यांचं अ‍ॅव्हरेज बघत होतास, त्यातले बहुतेक दिवस पिकलेले होते. पण बजेट वाढवल्या वाढवल्या तू फक्त कच्चे चार दिवस उचललेस आणि त्यांची तुलना पिकलेल्या तीन आठवड्यांशी केलीस. सीपीए वाढलेला दिसणारच होता, कॅम्पेन अगदी जसंच्या तसं चाललं असतं तरी!

आणि तुझ्याच आकड्यातून तुझं प्रमाणही निघतं बघ. ३२० पैकी २४८, म्हणजे गुरुवारी रात्री साधारण ७८ टक्केच ऑर्डर आलेल्या होत्या. हे वहीत लिहून ठेव, कारण हे तुझ्या मालाचं प्रमाण आहे. दुसऱ्याचा माल महाग असेल, विचार करून घ्यायचा असेल तर त्याच्याकडे चार दिवसांत ५० टक्केच दिसतील, आणि पटकन घ्यायची वस्तू असेल तर ९५. तर नियम काय, शेवटचे सात दिवस सोडून त्याआधीचेच दिवस मोजायचे. फारच घाई असेल तर कच्च्या आकड्याला या ७८ टक्क्यांनी भागून अंदाज घ्यायचा, पण निर्णय त्यावर नाही घ्यायचा.

(तो २३५ पण कच्चाच आहे हे आता तुझ्या लक्षात आलं असेलच. शिवाय दुसरं एक कारण आहे त्याला, त्यावर येतेच.)

बरं मग खरा सीपीए किती झाला, तर ८०,००० भागिले ३२०, म्हणजे २५०. तुझं हातात उरतं ३००. आता तू म्हणशील की ताई मग मी उगाच घाबरलो, २५० तर ३०० च्या आतच आहे, चालू ठेवायला हवं होतं. नाही. घाबरलास ते चुकीच्या आकड्याला, पण मागे आलास ते बरोबर केलंस.

कसं ते बघ. १०,००० रोजने त्या चार दिवसांत ४०,००० गेले असते आणि २०० ऑर्डर आल्या असत्या. तू अजून ४०,००० टाकलेस आणि ३२० आल्या. म्हणजे त्या वरच्या ४०,००० नी तुला किती दिलं? १२०. एकेक ऑर्डर ३३३ ला पडली. हातात उरतात ३००. प्रत्येक जादा ऑर्डरमागे तू खिशातले ३३ घातलेस. अजून सरळ करून बघायचं तर आधी चार दिवसांचा नफा होता २०० गुणिले ३००, वजा ४०,०००, म्हणजे २०,०००. डबल केल्यावर ३२० गुणिले ३००, वजा ८०,०००, म्हणजे १६,०००. जाहिरातीवर दुप्पट खर्च, पॅकिंग दीडपटीच्या वर, आणि नफा ४,००० ने कमी.

हा जो ३३३ आहे ना, त्याला मार्जिनल सीपीए म्हणतात, म्हणजे वाढीव पैशाने आणलेल्या वाढीव ऑर्डरचा भाव. स्केलिंगमध्ये बघायचा आकडा हा, आणि नेमका हाच कुठल्या डॅशबोर्डवर समोर दिसत नाही, तिथे असतो तो अ‍ॅव्हरेज. अ‍ॅव्हरेजमध्ये जुन्या स्वस्त ऑर्डर नव्या महागड्या ऑर्डरना पोटाशी घेतात आणि सगळं झाकलं जातं. मी कितीतरी लोक बघितलेत जे अ‍ॅव्हरेज सीपीए मर्यादेच्या आत आहे म्हणून महिनोन्महिने बजेट चढवत राहतात आणि वर्षाच्या शेवटी विचारतात की सेल वाढला मग पैसा गेला कुठे.

आता महाग का पडतं ते, कारण त्यावरच पुढचं सगळं आहे. थोड्या बजेटमध्ये सिस्टीम काय करते, तिला जे लोक घेण्याची सगळ्यात जास्त शक्यता वाटते आणि जे स्वस्तात मिळतात त्यांना आधी उचलते. झाडावरची हाताला येणारी फळं आधी. बजेट वाढलं की शिडी लावावी लागते. त्यात हाताला येणारी फळं कोणती असतात, तर बरेचदा तुझ्या साइटवर आधी येऊन गेलेले, तुझं पेज फॉलो करणारे, कार्टमध्ये टाकून गेलेले, आणि काही तर जुनेच गिऱ्हाईक. समजा तुझ्या त्या ५० पैकी १५ ऑर्डर अशा ओळखीच्या लोकांच्या होत्या आणि त्या ८० च्या भावाने पडत होत्या. १५ गुणिले ८० म्हणजे १,२०० झाले. उरलेल्या ८,८०० मध्ये अनोळखी लोकांच्या ३५ ऑर्डर आल्या, म्हणजे २५१ एक. कळलं का? तुझा २०० हा कधी खरा नव्हताच, नव्या माणसाचा भाव आधीपासूनच २५० च्या घरात असू शकतो, ओळखीच्या लोकांनी तो खाली ओढून ठेवला होता. आणि ओळखीचे लोक बजेट डबल केलं म्हणून डबल होत नाहीत. वाढीव पैसा जवळजवळ सगळा अनोळखी लोकांवरच जाणार.

हे माझं अनुमान आहे हं, तुझ्या अकाउंटमध्ये काय आहे ते तुला बघावं लागेल. अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये ब्रेकडाउनमध्ये ऑडियन्स सेगमेंट्स म्हणून भाग असतो, अकाउंट सेटिंगमध्ये तुझ्या जुन्या गिऱ्हाइकांची आणि साइटवर येऊन गेलेल्यांची यादी नीट जोडलेली असेल तर तिथे नवे, ओळखीचे आणि जुने गिऱ्हाईक असा खर्च वेगळा दिसतो. ते नसेल तर तुझ्या ऑर्डरच्या शीटमध्ये फोन नंबर जुळवून बघ की किती जणांनी आधी घेतलेलं आहे, दोन तासांचं काम आहे पण डोळे उघडतात.

आणि त्या २३५ चं दुसरं कारणही हेच. चार दिवस दुप्पट पैसा फिरवलास तेव्हा ओळखीच्यातले जे पुढच्या आठवड्यात घेणार होते त्यांना आत्ताच गाठलंस. ती टाकी भरायला वेळ लागतो. म्हणून म्हटलं सात दिवस हात लावू नको.

आता मित्राच्या कॉपीबद्दल. कॉपी मारली की मूळ कॅम्पेनला धक्का लागत नाही हे खरं, म्हणून लोक मारतात. पण कॉपी शिकायला पहिल्यापासून सुरू करते. मेटाचा हिशोब असा की एका अ‍ॅड सेटला लर्निंग फेजमधून बाहेर यायला सात दिवसांत साधारण ५० रिझल्ट लागतात, तोवर भाव वरखाली होत राहतो. आणि दोन्हीकडे तीच जाहिरात, तेच लोक. तुझ्याच दोन जाहिराती एकाच लिलावात समोरासमोर आल्या तर मेटा दोघींना बोली लावू देत नाही, एकीलाच पुढे पाठवतो, त्यामुळे स्वतःशीच भाव वाढवून घेतोय अशी जी भीती असते ती तशी खरी नाही, पण होतं काय की तीच फळं दोन टोपल्यांत वाटली जातात आणि दोन्ही टोपल्या अर्धवट शिकतात. झाड तेच राहतं ना. कॉपीचे पहिले दोन-तीन दिवस कधीकधी झकास जातात आणि मग तो स्क्रीनशॉट ग्रुपवर फिरतो, पण दहा ऑर्डरच्या आकड्यावर काय बोलायचं. माझ्या मते तुझ्या केसमध्ये कॉपी नको. उलट तुझ्या कॅम्पेनमध्ये पाच-सात अ‍ॅड सेट असतील तर ते दोनवर आण, म्हणजे प्रत्येकाला शिकायला भरपूर ऑर्डर मिळतील. पण हे पण आत्ता नाही, सात दिवसांनंतर.

मग बजेट कसं चढवायचं. लोक २० टक्क्यांचा नियम सांगतात, तो धंद्यात रुळलेला अंदाज आहे, मेटाने असा काही आकडा आखून दिलेला नाही. त्यांच्या मदतीच्या पानावर उदाहरण आहे ते १०० वरून १०१ केलं तर काही बिघडणार नाही आणि १०० वरून १,००० केलं तर परत शिकायला लागू शकतं असं, मधलं सगळं तुझ्या अंगावर. मी २० ते २५ टक्के घेते, तीन-चार दिवसांच्या अंतराने. म्हणजे तू १०,००० वरून १२,५००, मग १५,०००. आणि तिथे थांब.

थांब म्हणजे खरंच थांब, दोन आठवडे. का ते सांगते, ही गोष्ट फार कमी लोक सांगतात. छोट्या पायऱ्या सिस्टीमला चांगल्या पण मोजायला वाईट असतात. समज १०,००० ला आठवड्याच्या ३५० ऑर्डर आणि १२,५०० ला ४२० आल्या. जादा ७०, जादा खर्च १७,५००, मार्जिनल २५०, वा छान. पण काहीही न बदलता आठवड्याच्या ऑर्डर आपोआप वरखाली होतातच ना. साधा ठोकताळा असा की जेवढ्या ऑर्डर तेवढ्याचं वर्गमूळ एवढा हेलकावा धरायचा, ३५० ला साधारण १९, ४२० ला साधारण २०, आणि दोघांच्या वजाबाकीत तो मिळून जवळपास २८ होतो. म्हणजे तुझ्या जादा ऑर्डर ७० नाहीत, ४२ ते ९८ च्या मधे कुठेतरी आहेत, आणि त्या पट्ट्याच्याही बाहेर असू शकतात. ४२ असतील तर मार्जिनल ४१७ आणि ९८ असतील तर १७९. एकात बुडालास, एकात राजा! एका आठवड्याच्या छोट्या पायरीवरून काहीच कळत नाही, आणि लोक रोज सकाळी चहा पिता पिता त्यावरून निर्णय घेतात.

म्हणून दोन पायऱ्या चढून मग दोन आठवडे उभं राहायचं आणि १०,००० च्या पिकलेल्या दोन आठवड्यांशी १५,००० चे पिकलेले दोन आठवडे ताडून बघायचे. समज १५,००० ला रोजच्या ६८ येतायत. दोन आठवड्यांत ९५२, आधी होत्या ७००, जादा २५२, जादा खर्च ७०,०००, मार्जिनल २७८. हेलकावा इथे ४० च्या आसपास, म्हणजे मार्जिनल २४० ते ३३२ मधे कुठेतरी. अजूनही अंदाजच आहे पण निदान हाताशी धरायला काहीतरी आहे, आणि बहुधा ३०० च्या आत आहे. रोजचा नफा ६८ गुणिले ३००, वजा १५,०००, म्हणजे ५,४००. आधी १०,००० ला होता ५,०००. आणि २०,००० ला ४,००० हे तू स्वतः बघूनच आलास. म्हणजे ६८ धरल्या तर तुझं शिखर १५,००० च्या आसपास कुठेतरी आहे, थोडं अलीकडे का पलीकडे हे शोधत बसण्यात अर्थ नाही, तिथे डोंगर सपाटच असतो, हजारभर इकडेतिकडे झालं तर नफ्यात फारसा फरक पडत नाही.

मधे तू विचारशीलच म्हणून, कॉस्ट कॅप लावली तर? लावू शकतोस, पण ती काय करते ते समजून घे. ती अ‍ॅव्हरेज सांभाळायचा प्रयत्न करते, आणि तोही प्रयत्नच, हमी नाही. २५० ची कॅप लावलीस तर ती काही ऑर्डर १५० ला घेईल आणि त्या जोरावर काही ४०० ला पण घेईल, कारण अ‍ॅव्हरेज २५० च येतंय. म्हणजे जो आजार आहे त्यावरच पांघरूण. फार महागड्या बोलीला अडवायचं तर बिड कॅप जास्त जवळची आहे, ती प्रत्येक लिलावात बोलीला वरची मर्यादा घालते, पण तिला सांभाळावं लागतं, जरा घट्ट लावलीस की खर्चच होत नाही आणि सकाळी बघतोस तर ३०० खर्च, शून्य ऑर्डर. पहिल्यांदाच करत असशील तर हातानेच बजेट सांभाळ. आणि चालू कॅम्पेनवर बिड स्ट्रॅटेजी बदलणं हाही मोठा झटकाच असतो हे विसरू नको.

आता खरा मुद्दा, साहेबांना रोजच्या १०० हव्यात. आहे त्या जाहिराती, साइटवरचं आहे ते पेज, आहे ती जागा, यात फक्त बजेटने रोजच्या १०० होणार नाहीत. होतील, पण तोट्यात होतील. १०० करायच्या तर झाडच बदलायला लागेल, आणि त्यासाठी आधी बघ की महाग नेमकं कुठे पडतंय. सीपीए तीन आकड्यांचा बनतो:

```
सीपीए = सीपीएम ÷ (१००० × सीटीआर × सीव्हीआर)
```

हजार वेळा दाखवायचा भाव, बघणाऱ्यातले किती क्लिक करतात, क्लिक करणाऱ्यातले किती घेतात. समज आधी सीपीएम १००, सीटीआर २ टक्के, सीव्हीआर २.५ टक्के होता, गणित कर, २०० येतो. डबल केल्यावर सीपीएम ११०, सीटीआर तसाच २, सीव्हीआर २.२. हे झाले २५०. बघ, एकही आकडा ओरडून काही सांगत नाहीये, एक जरा वर एक जरा खाली, पण दोघांनी मिळून २५ टक्के वाढवले. तुझ्या त्या चार दिवसांचे हे तिन्ही आकडे काढ आणि आधीच्या तीन आठवड्यांशेजारी ठेव (सीव्हीआर साठी पिकलेले दिवस घे, नाहीतर परत तीच फसगत).

सीटीआर पडला असेल आणि त्याच वेळी खर्च दुप्पट होऊन रीच जेमतेम सव्वापट झाला असेल तर पैसा त्याच त्याच लोकांवर फिरतोय, जाहिरात शिळी झालीय. यावर उपाय नवी जाहिरात, पण नवी म्हणजे रंग बदललेली किंवा पहिली ओळ बदललेली नव्हे. वेगळ्या माणसाशी बोलणारी. तुझी चाललेली जाहिरात जर वेळ वाचतो असं सांगत असेल तर ज्याला वेळेची पर्वाच नाही पण फसवणुकीची भीती आहे अशा माणसासाठी एक कर, भेट द्यायला घेणाऱ्यासाठी एक कर. आजकाल टार्गेटिंग बरंचसं जाहिरातच करते, कोण थांबून बघतंय त्यावरून सिस्टीम माणसं शोधते, त्यामुळे वेगळ्या मुद्द्याची जाहिरात म्हणजे शेजारचं झाड. पाच केल्यास तर एखादी लागेल, असाच अनुभव आहे माझा, आणि ती एक लागली की तिला आहे त्याच कॅम्पेनमध्ये घुसडू नको, वेगळ्या छोट्या बजेटवर चालव, नाहीतर जुनी जाहिरात सगळा खर्च खाते आणि नवीला चालायची संधीच मिळत नाही.

सीव्हीआर पडला असेल तर दोन शक्यता, एक म्हणजे नवीन लोक थंड आहेत, ते होणारच. दुसरी म्हणजे पेजवर काहीतरी मोडलंय. इथे माझी फजिती सांगते. एकदा एका क्लायंटचं बजेट चढवलं, तीन दिवसांत सीव्हीआर धाडकन खाली. मी जाहिराती बदलल्या, ऑडियन्स बदलला, रात्री जागले, आणि चौथ्या दिवशी त्यांच्या गोडाऊनच्या माणसाने सहज सांगितलं की मॅडम तो सगळ्यात जास्त खपणारा साइज तर शनिवारीच संपला. बजेट वाढवल्यामुळेच लवकर संपला! मी तीन दिवस चांगल्या चालणाऱ्या जाहिराती कापत बसले होते. तेव्हापासून बजेट चढवायच्या आधी स्टॉक विचारते, आणि स्वतः मोबाइलवरून एक ऑर्डर पेमेंटपर्यंत नेऊन बघते.

आणि पेज सुधारण्याचा फायदा कसा असतो बघ. नवीन जाहिरात फक्त वाढीव ऑर्डर आणते, पण सीव्हीआर सुधारला तर जुन्या-नव्या सगळ्याच ऑर्डर स्वस्त होतात. १५,००० ला ६८ येतायत आणि सीव्हीआर नुसता १२ टक्क्यांनी वाढला, २.५ चा २.८ म्हण, तर त्याच खर्चात ७६ होतात. नफा ५,४०० वरून ७,८००. एवढं तुला बजेट दुप्पट करून मिळालं नसतं. १२ टक्के कशाने वाढतील ते तुझ्या पेजवर अवलंबून आहे, पण मी आधी बघते ते असं की जाहिरातीत जे दाखवलं तेच पेजच्या पहिल्या स्क्रीनवर आहे का, डिलिव्हरीचा खर्च शेवटच्या पायरीला अचानक उगवतो का, आणि फॉर्ममध्ये उगाच काय काय विचारलंय.

तिसरी वाट म्हणजे दुसरी जागा. तुझा वाढीव १,००० मेटावर ३३३ च्या भावाने ऑर्डर आणत असेल आणि गूगल सर्चवर अजून हात लावलेला नसेल तर तिथला पहिला १,००० कदाचित २२० ने आणेल, कारण तिथली हाताला येणारी फळं अजून झाडावरच आहेत. सर्चमध्ये एक सोय चांगली आहे, बजेट कमी पडल्यामुळे किती टक्के शोध हातचे गेले आणि बोली-दर्जा कमी पडल्यामुळे किती गेले हे दोन वेगळे आकडे मिळतात. पहिला मोठा असेल तर बजेट वाढवायला खरंच जागा आहे. पहिला शून्याजवळ असेल तर कितीही बजेट टाक, खर्च होणारच नाही किंवा बोली वाढवावी लागेल, आणि मग परत मार्जिनलचा तोच खेळ. फक्त तुमच्या ब्रँडच्या नावाने शोधणारे वेगळ्या कॅम्पेनमध्ये ठेव, ते स्वस्त असतात आणि अ‍ॅव्हरेजला खाली ओढून परत तुला फसवतील, मेटावर ओळखीच्यांनी फसवलं तसंच.

एक गोष्ट मात्र साहेबांना विचार, हे ३०० फक्त पहिल्या ऑर्डरचे आहेत ना? गिऱ्हाईक परत येतं का? समज सहा महिन्यांचा डेटा काढला आणि दिसलं की प्रत्येक नव्या गिऱ्हाइकामागे पुढच्या ऑर्डरमधून सरासरी अजून ६० हातात येतात, तर तुझी मर्यादा ३०० नाही, ३६० आहे, आणि मग तो ३३३ चा मार्जिनल तोट्यातला राहत नाही. पण दोन गोष्टी. एक, ते ६० सहा महिन्यांनी येणार, जाहिरातीचे पैसे आज जाणार, मधला काळ निभावायला पैसा आहे का ते साहेबच सांगतील. दोन, शिडी लावून आणलेलं गिऱ्हाईक हाताला आलेल्याइतकं परत येईलच असं नाही. म्हणून मर्यादा एकदम ३६० करू नको, ३२० धर, आणि १५,००० च्या काळात आलेल्या लोकांची परत यायची टक्केवारी वेगळी लिहून ठेव.

आणि साहेबांकडे जाताना मार्जिनल वगैरे शब्द काढू नकोस, तीन ओळी लिहून ने. रोज १०,०००, ऑर्डर ५०, नफा ५,०००. रोज १५,०००, ऑर्डर ६८ (हा अंदाज असं स्पष्ट लिही), नफा ५,४००. रोज २०,०००, ऑर्डर ८०, नफा ४,०००, हे करून बघितलंय. मग विचार, साहेब यातलं कुठलं करू. ते ऑर्डर डबलच हव्यात म्हणाले तरी हरकत नाही, कधीकधी त्यांना स्टॉक काढायचा असतो किंवा बाजार धरायचा असतो, तो त्यांचा निर्णय, फक्त त्याची किंमत त्यांना आधी माहीत असू दे, नाहीतर महिन्याच्या शेवटी ती तुझ्या नावावर लागेल.

ते सात दिवस झाले आणि पिकायला आणखी सात गेले की १०,००० वर सीपीए कुठे स्थिरावला ते मला कळव, पिकलेले दिवसच मोजून. २०० ते २१५ मधे आला तर १२,५०० कर. २३० च्या वरच राहिला तर चढू नकोस, आधी तो स्टॉक आणि पेज बघ.